अजून नोकरीत आहे, हे इटालियनमध्ये कसं लिहायचं?

गेल्या फेब्रुवारीत चाकणच्या कारखान्यात मशिनांची देखभाल बघणाऱ्या एका इंजिनियरचा सीव्ही माझ्याकडे इटालियन करायला आला. अर्ज होता बोलोन्याजवळच्या एका कंपनीत. गोळ्यांच्या स्ट्रिपा आणि चहाच्या पुड्या भरणारी मशिनं बनवणारे कारखाने त्या भागात इतके आहेत की त्या पट्ट्याला 'पॅकेजिंग व्हॅली' असंच म्हणतात. हा मुलगा इथं तसल्याच मशिनांवर काम करत होता. मूळ सीव्ही इंग्रजीत, दीड पानाचा, आणि तो त्याच रात्री पाठवायचा होता. दीड पान म्हणजे दोन तासांचं काम, असं धरून मी बसले.

पहिली अडचण तारखांची आली. आत्ताच्या नोकरीची सुरुवात लिहिली होती ०६/०३/२०१९. आपण ती ६ मार्च वाचतो आणि इटालियन माणूसही तशीच वाचतो, कारण दोन्हीकडे दिवस आधी आणि महिना नंतर. पण आधीची नोकरी संपल्याची तारीख होती ०५/३१/२०१९. एकतिसावा महिना नसतो, म्हणजे इथं महिना आधी लिहिलेला होता. कंपनी अमेरिकन, आणि तिच्या कागदपत्रांवरून त्यानं तारखा जशाच्या तशा उतरवल्या होत्या. म्हणजे ३१ मे, शुक्रवारी एक नोकरी सोडली आणि ३ जून, सोमवारी दुसरीत हजर झाला. मी ६ मार्च धरला असता तर जवळजवळ तीन महिने हा माणूस दोन ठिकाणी नोकरी करत होता, असं कागदावर दिसलं असतं.

पहिल्या नोकरीची सुरुवात मात्र तर्कानं सुटेना. ०७/११/२०१६ म्हणजे ११ जुलै की ७ नोव्हेंबर? कॅलेंडर काढून पाहिलं तर दोन्ही दिवस सोमवार. शेवटी फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, आषाढीचा आठवडा होता. शुक्रवारी एकादशी आणि मी सोमवारी जॉइन झालो." त्या वर्षी आषाढी १५ जुलैला होती, म्हणजे जुलै. इटालियन सीव्हीत दिवस बहुतेक लिहीत नाहीत, महिना आणि वर्ष पुरतं, आणि महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलं की हा घोळच उरत नाही. मी लिहिलं, 'लूल्यो २०१६ – माज्जो २०१९' आणि त्याच्या वर 'जून्यो २०१९ – ओज्जी'. ओज्जी म्हणजे आज. तिथं महिन्याचं पहिलं अक्षर लहान लिपीत असतं. इंग्रजीच्या सवयीनं ते मोठं काढलं की वाचणाऱ्याला मजकूर भाषांतरित आहे हे लगेच कळतं.

मथळ्यांना फार वेळ लागला नाही, एक सोडून. शिक्षणाला इंग्रजी शब्दावरून 'एदुकात्सिओने' लिहायचा मोह होतो, पण तिकडे त्याचा अर्थ वळण, संस्कार असा होतो. सीव्हीत लिहितात 'इस्त्रुत्सिओने ए फोर्मात्सिओने'. खरी अडचण त्याखाली होती. मुलानं दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेला आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन बी.ई. झालेला. इटलीत नुसतं 'दिप्लोमा' म्हटलं की वाचणाऱ्याला शाळा सुटल्याचा दाखला आठवतो, आपल्या बारावीसारखा. तीन वर्षं लेथवर आणि ड्रॉइंग बोर्डवर घासलेला मुलगा मला तसा दाखवायचा नव्हता. दोन्ही पदव्यांची मूळ नावं तशीच ठेवली आणि प्रत्येकीखाली इटालियनमध्ये एकेक ओळ टाकली: दहावीनंतरचा तीन वर्षांचा तांत्रिक अभ्यासक्रम, आणि अभियांत्रिकीची पदवी, थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. त्यांच्या पदव्यांशी बरोबरी ठरवणं हे त्यांच्या अधिकाऱ्यांचं काम, ते मी अंगावर घेत नाही.

रात्री आठला मसुदा ताईंना पाठवला. त्या मूळ सांगलीच्या, बोलोन्यात वीसेक वर्षं आहेत आणि माझं काम नजरेखालून घालतात. दहा मिनिटांत त्यांचा फोन. "अगं, हा मुलगा नोकरी सोडून बसलाय का?"

मी म्हटलं, नाही, अजून तिथंच आहे.

"मग तू 'सोनो स्तातो' का लिहिलंस?"

वरच्या परिचयात मूळ इंग्रजी वाक्य असं होतं की जून २०१९ पासून पॅकिंग लाइनच्या देखभालीची जबाबदारी त्याच्याकडे आहे. इंग्रजीत अशा वाक्याला पूर्ण वर्तमानकाळ लागतो आणि मी त्याच्या बोटाला धरून इटालियनचा पूर्ण भूतकाळ लिहिला होता. इटालियन माणसाला त्यातून कळतं की जबाबदारी होती आणि ती संपली. वर तारीख सांगते 'आजपर्यंत', खाली क्रियापद सांगतं 'झालं, संपलं'. उमेदवार निवडणारा माणूस तारखेपेक्षा वाक्यावर जास्त विश्वास ठेवतो, असं ताईंचं म्हणणं.

मला सगळ्यात लागलं ते हे, की आपली मराठी इथं इटालियनसारखीच चालते. 'मी २०१९ पासून हे काम करतो' असंच आपण म्हणतो, साध्या वर्तमानात. इटालियनही तेच म्हणतं. मधल्या इंग्रजीनं मला फिरवलं. जुन्या नोकरीचंही तसंच. रोजची कामं सांगताना आपण 'मी बघायचो' म्हणतो, तिथं इटालियनला अपूर्ण भूतकाळ लागतो; एकदाच घडलेली गोष्ट, 'मी बंद पडण्याचं प्रमाण कमी केलं', तिथं पूर्ण भूतकाळ. वाक्य आधी मनात मराठीत म्हटलं की काळ बहुतेक आपोआप बरोबर पडतो.

त्याच वाक्यात दुसरी चूक होती. जबाबदारीसाठी मी 'रेस्पोन्साबिले' वापरला होता. तिकडच्या कारखान्यात 'रेस्पोन्साबिले मानुतेन्त्सिओने' म्हणजे देखभाल खात्याचा प्रमुख. याच्या हाताखाली दोन तंत्रज्ञ होते आणि वर मॅनेजर. मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला तो खोटा ठरला असता, तेही माझ्या शब्दामुळे. वाक्य बदलून केलं, 'दा जून्यो २०१९ मी ओक्कुपो', म्हणजे जून २०१९ पासून मी हे काम पाहतो.

बाकी कामांच्या यादीत मी क्रियापदंच काढून टाकली. इंग्रजी सीव्हीतली प्रत्येक ओळ भूतकाळी क्रियापदानं सुरू होते आणि तीच इटालियनमध्ये उतरवली तर 'जेस्तीतो', 'रिदोत्तो' अशी अर्धवट तोडलेली रूपं रांगेनं उभी राहतात. इटालियन सीव्ही इथं नामं वापरतो: दोन तंत्रज्ञांचं समन्वयन, सुट्या भागांच्या साठ्याचं व्यवस्थापन. नामाला काळ नसतो, त्यामुळे ही कामं आजची की कालची हे फक्त वरची तारीख सांगते. म्हणून ती चुकून चालत नाही.

साडेनऊला फाइल पाठवली. लगेच त्याचा मेसेज आला, वडिलांचं नाव आणि शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' हे सहीसकट कुठं गेलं? मी कळवलं की वडिलांचं नाव तिथं कोणी विचारत नाही, आणि त्या प्रतिज्ञेच्या जागी आता जी ओळ आहे ती २०१६ च्या ६७९ क्रमांकाच्या युरोपीय नियमानुसार माझी वैयक्तिक माहिती वापरायला मी परवानगी देतो, अशी आहे. आपणहून पाठवलेल्या सीव्हीला कायद्यानं तिची सक्ती नाही, पण तिथं ती लिहायची रीत पडली आहे. त्यानं विचारलं, सही तिच्याखाली करू का? मी म्हटलं, करा, आणि तारीख टाकताना महिना अक्षरांत लिहा.