एकच नॉन्स दोनदा: बडोद्यातल्या पतसंस्थेच्या बॅकअपमधून मजकूर कसा बाहेर पडला

दांडिया बाजारातल्या एका मराठी पतसंस्थेचा रोजचा बॅकअप बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायचा की नाही, हे ठरवायचं होतं. सेक्रेटरी काकांनी मला एवढंच विचारलं, "फाइल दुसऱ्याच्या हातात पडली, तर कोणाला काही वाचता येईल का?" सॉफ्टवेअरवाल्याच्या कागदात `ChaCha20-Poly1305` लिहिलं होतं. हा सायफर, म्हणजे मजकूर एन्क्रिप्ट करायची पद्धत, उत्तमच आहे, त्यामुळे तो कसा वापरलाय तेवढंच पाहायचं होतं.

खऱ्या सभासदांच्या नोंदींना हात न लावता मी चाचणीसाठी एक खोटा सभासद उघडला, क्रमांक १०५१. त्याच्या शेऱ्यात मजकूर लिहून सेव्ह केलं आणि बॅकअप घेतला. मग शेरा बदलला आणि दुसरा बॅकअप घेतला. फाइलमधली प्रत्येक नोंद आधी १२ बाइटचा नॉन्स, म्हणजे एका किल्लीसोबत एकदाच वापरायचा आकडा, मग एन्क्रिप्ट झालेला मजकूर आणि शेवटी फेरफार ओळखण्यासाठी १६ बाइटचा टॅग, अशी होती. दोन्ही बॅकअपमध्ये माझ्या नोंदीचा नॉन्स हाच निघाला:

```
00 00 00 00 00 00 00 00 00 00 04 1b
```

`041b` म्हणजे १०५१. नॉन्स सभासद क्रमांकावरूनच बनवला होता. त्यामुळे कोणत्याही दोन सभासदांचा नॉन्स सारखा येत नव्हता, आणि लिहिणाऱ्याला तेवढं पुरेसं वाटलं असणार. पण एकाच सभासदाची नोंद जितक्या वेळा बदलेल तितक्या वेळा तोच नॉन्स आणि तीच किल्ली वापरली जात होती.

हे का चालत नाही, ते सांगतो. ChaCha20 मजकुराकडे बघतच नाही. किल्ली, नॉन्स आणि ब्लॉकचा अनुक्रम एवढ्यावरून तो ६४-६४ बाइटचे यादृच्छिक दिसणारे तुकडे तयार करत जातो. या प्रवाहाला की-स्ट्रीम म्हणतात आणि मजकूर त्याच्याशी XOR केला जातो, म्हणजे दोन्हीकडचे बिट सारखे असतील तिथे ० आणि वेगळे असतील तिथे १ लिहिला जातो. किल्ली आणि नॉन्स तेच राहिले, तर की-स्ट्रीमही बाइट न् बाइट तीच येते. कोणतीही संख्या स्वतःशी XOR केली की शून्य उरतं, म्हणून दोन एन्क्रिप्टेड नोंदी एकमेकींशी XOR केल्या की की-स्ट्रीम पूर्ण उडून जाते. खाली C म्हणजे एन्क्रिप्टेड नोंद, P म्हणजे मूळ मजकूर, K म्हणजे की-स्ट्रीम आणि `^` म्हणजे XOR:

```
C1 = P1 ^ K
C2 = P2 ^ K
C1 ^ C2 = P1 ^ P2
```

उजव्या बाजूला किल्लीचा मागमूसही नाही. उरतात फक्त दोन मजकूर एकमेकांत मिसळलेले, आणि ते सोडवणं हे गणितापेक्षा भाषेचं काम आहे.

मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा सोपं जातं, ही मला सगळ्यात गंभीर गोष्ट वाटते. UTF-8 मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. पहिला बाइट नेहमी `e0`, दुसरा `a4` किंवा `a5`, आणि खरी माहिती फक्त तिसऱ्यात. दोन देवनागरी मजकूर एकमेकांसमोर आले की `e0` आणि `e0` एकमेकांना खाऊन टाकतात, दुसऱ्या जागी `00` किंवा `01` उरतं, आणि दोन शून्यांनंतर एक लहान आकडा अशी लय उमटते. एका मजकुरात मध्येच स्पेस आली की ही लय तुटते, म्हणजे शब्द कुठे संपला तेही कळतं.

माझ्या दोन नोंदींचे टॅग बाजूला काढून XOR केल्यावर हे मिळालं:

```
00 00 00 00 00 00 00 00 00 00 00 00 00
00 00 06 00 00 3c 00 00 32 00 01 00 00 00 2c
```

एका नोंदीची लांबी २८ बाइट, दुसरीची ३४. `06` हा एखाद्या खुणेचा तिसरा बाइट धरला, तर ती खूण तेरा बाइटनंतर सुरू होते. तेरा म्हणजे चार देवनागरी खुणा आणि एक स्पेस. तेवढा भाग दोन्हीकडे सारखा आहे. तो काय आहे हे शून्यं सांगत नाहीत, फक्त सारखा आहे एवढंच सांगतात. पण पतसंस्थेच्या शेऱ्यात चार खुणांचा पहिला शब्द म्हटल्यावर 'कर्ज' सुचायला वेळ लागत नाही: क, र, हलन्त, ज.

पुढचा शब्द काय असेल? आधी 'फेटाळलं' धरून पाहिलं. पहिल्या खुणेवर 'भ' आला, ते ठीक. दुसरीवर 'ॻ' आला. हे सिंधीसाठी वापरलं जाणारं अक्षर मराठी शेऱ्यात येणं शक्य नाही, म्हणजे अंदाज चुकला. मग 'मंजूर' धरलं:

```python
x = bytes(p ^ q for p, q in zip(c1, c2))
crib = "मंजूर".encode()
print(bytes(p ^ q for p, q in zip(x[13:], crib)).decode())
```

स्क्रीनवर आलं `नामंज`. लांब नोंदीत अजून सहा बाइट शिल्लक, म्हणजे दोन खुणा: ू आणि र. एका दिवशी 'कर्ज मंजूर' आणि दुसऱ्या दिवशी 'कर्ज नामंजूर'. मजकूर मीच लिहिला होता, पण या रीतीला तो आधी माहीत असण्याची गरज कुठेच पडली नाही. आखूड नोंद जिथे संपते तिथून पुढचं XOR मधून मिळत नाही, शेवटच्या दोन खुणा संदर्भानेच भरल्या. पण त्याच सभासदाची तिसरी, आणखी लांब नोंद हाती आली की ती मर्यादाही मागे सरते.

ही रीत संगणकांच्याही आधीची आहे. ३० ऑगस्ट १९४१ रोजी अथेन्सहून व्हिएन्नाला लॉरेन्झ या जर्मन सांकेतिक यंत्रावर सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश गेला, आणि तो नीट न पोहोचल्याने तीच मांडणी ठेवून पुन्हा पाठवला गेला. दुसऱ्या वेळी पाठवणाऱ्याने काही शब्द आखूड केले. ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्रात जॉन टिल्टमन यांनी दोन्ही संदेश एकमेकांशी जुळवून संपूर्ण मजकूर आणि की-स्ट्रीम बाहेर काढली. नंतर बिल टट यांनी त्या की-स्ट्रीमवरून न पाहिलेल्या यंत्राची रचना शोधून काढली. थोडासा बदल करून पुन्हा सेव्ह केलेली नोंद म्हणजे नेमकी हीच परिस्थिती.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याशी बोलणं झालं, तेव्हा त्याचा पहिला मुद्दा होता की किल्ली तर सुरक्षित आहे. ते खरंच आहे, किल्ली या हल्ल्यात सापडत नाही, पण वाचण्यासाठी ती लागतही नाही. दुसरा मुद्दा टॅगचा होता. टॅग नोंदीत फेरफार झाला का ते सांगतो, वाचण्यापासून अडवत नाही. शिवाय Poly1305 ची एकदाच वापरायची किल्लीही त्याच नॉन्सवरून निघते. नॉन्स पुन्हा वापरला तर ती किल्लीही पुन्हा वापरली जाते, आणि दोन टॅगांवरून खोटी नोंद खरी म्हणून घुसवण्याची वाट मोकळी होते. हे ऐकल्यावर त्याने हुज्जत घातली नाही.

दुरुस्ती लहान होती. XChaCha20-Poly1305 घ्यायचं, त्याचा नॉन्स २४ बाइटचा असतो, आणि प्रत्येक वेळी सेव्ह करताना तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादृच्छिक स्रोतातून नवा काढायचा. एवढ्या लांबीत तोच नॉन्स योगायोगाने पुन्हा येण्याची शक्यता व्यवहारात धरायचं कारण नाही.

जुन्या बॅकअपचं मात्र दुरुस्तीने काही होत नाही. नव्या किल्लीने पुन्हा एन्क्रिप्ट केलं तरी आधी बाहेर गेलेली प्रत तशीच वाचता येते. काकांना मी तसं स्पष्ट सांगितलं. सुदैवाने त्या प्रती ऑफिसच्या कपाटातल्या डिस्कवरच होत्या. शेवटची लागणारी प्रत नव्या पद्धतीने लिहून बाकीच्या डिस्क नष्ट करायचं समितीने ठरवलं.

नवी आवृत्ती आल्यावर १०५१ ची नोंद काहीही न बदलता दोनदा सेव्ह केली. पहिले २४ बाइट वेगळे आले. पुढचा भाग XOR केला तर शून्यांची रांग नव्हती, दोन शून्यं आणि लहान आकडा ही लयही नव्हती. मग सगळ्या नोंदींचे नॉन्स एका फाइलमध्ये काढून `sort nonces.txt | uniq -d` चालवलं, आणि एकही ओळ आली नाही. बॅकअप बाहेर पाठवायला त्यानंतरच होकार दिला.