"स्लॉट आहे म्हणजे चालणारच"

लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-५. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायची, एवढंच काम. सांगलीत विश्रामबागेतल्या एका दुकानात मागचं झाकण उघडलं तर हार्ड डिस्कशेजारी एम-डॉट-टूचा, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायचा, रिकामा स्लॉट. काउंटरवरचा पोरगा लगेच म्हणाला, "काका, एनव्हीएमईच घ्या. साटा आता जुनं झालं." साटा ही एसएसडी जोडायची जुनी, हळू पद्धत; एनव्हीएमई नवी, वेगवान. मी विचारलं, "पण ह्याला चालेल का?" तर म्हणे, "स्लॉट आहे म्हणजे चालणारच."

पट्टी बसली, स्क्रूही लागला. पण बायोसमध्ये तिचं नावच येईना. काढून परत घातली, बायोस अपडेट केला, तरी तेच. मग पोरगा म्हणाला, "मदरबोर्डच गेलाय." सील फोडलंय म्हणून पट्टी परत घ्यायलाही तयार नाही. इथं माझं डोकं फिरलं. चालू लॅपटॉप घेऊन आलो होतो मी!

घरी येऊन `msinfo32` मध्ये नेमकं मॉडेल बघितलं आणि कंपनीच्या साइटवरून त्याचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं: हा स्लॉट फक्त साटासाठी. एम-डॉट-टू हा नुसता आकार आहे. त्या स्लॉटच्या मागे साटाच्या लाइन जोडल्यात, पीसीआयईच्या, की दोन्ही, हे बाहेरून कळत नाही. एनव्हीएमई बोलते पीसीआयईवरून. ती लाइनच नसेल तर पट्टी दिसणार कशी? जळत काही नाही, फक्त दिसत नाही. खाचांवरूनही खात्री धरू नका. साटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक, पण माझ्या स्लॉटात दोन्ही बसतात.

मॅन्युअलचं ते पान आणि पट्टी घेऊन परत दुकानात गेलो. त्यांच्याच नव्या लॅपटॉपमध्ये पट्टी लावायला लावली. लगेच दिसली! तेव्हा कुठे मालकांनी बदलून द्यायचं कबूल केलं, तेही तोंड वाकडं करून.

एम-डॉट-टू साटा त्यांच्याकडे नव्हती, म्हणून अडीच इंची साटा एसएसडी घेतली. ती हार्ड डिस्कच्याच जागी बसते, त्यामुळे स्लॉट अजिबात नसलेल्या लॅपटॉपलाही चालते. वेगाचं म्हणाल, तर जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी द्यायची, साटा साडेपाचशेच्या आसपास देते, एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत, नव्या पिढीची त्याहूनही वर जाते. पण विंडोज उघडणं, टॅली, ब्राउझर यांत खरा फरक हार्ड डिस्क गेल्याने पडतो. साटा-एनव्हीएमईतला फरक मोठ्या व्हिडिओ फाइली हलवताना जाणवेल.

फार जुन्या, २०११ च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये साटाच दुसऱ्या पिढीचं असू शकतं, तिथं वेग साधारण निम्मा मिळतो. एसएसडी लावल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये Transfer Mode समोर `SATA/300 | SATA/600` दिसलं की ओळखा. तरी हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी बरं. आणि हो, बिलावर 'चाललं नाही तर बदलून' असं पैसे देण्याआधीच लिहून घ्या.