एक हंगाम हुकला आणि एनपीव्ही उणे झाली

तासगावजवळ बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज उभं करायला आम्ही पाच भागीदारांनी 10 कोटी काढले. जागा पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्याची. काम दहा महिने रखडलं. आधी पावसानं पाया भरू दिला नाही, मग ठेकेदाराचे पॅनेल आले नाहीत. पण बेदाणा उन्हाळ्याच्या तोंडाला एकदाच येतो, म्हणून हिशोबात मी पूर्ण वर्षच गेलं असं धरलं. खर्चही 1 कोटीनं वाढला.

बैठकीत थोरले काका म्हणाले, "अरे, पंधरा वर्षं चालवायचंय ना? मग एक वर्ष पुढं सरकलं, एवढंच की."

मलाही आधी तसंच वाटलं होतं. रात्री एक्सेल उघडलं. मूळ बेत असा: आज 4 कोटी, वर्षअखेर 6 कोटी, दुसऱ्या वर्षापासून पंधरा वर्षं खर्च वजा जाता दरसाल 1 कोटी 80 लाख. पुढचा पैसा आजच्या भावात आणायचा दर 12 टक्के. एनपीव्ही, म्हणजे आजच्या भावानं येणाऱ्या पैशातून जाणारा वजा करून उरणारी रक्कम, आली 1 कोटी 42 लाख, आणि तीच चुकीची होती. एक्सेलचं NPV पहिल्या आकड्यालाही एक वर्षाची कात्री लावतं, त्यामुळे आजची रक्कम बाहेर ठेवावी लागते:

```
=C2+NPV(12%,D2:T2)
```

आता 1 कोटी 59 लाख आले. मग उशिराची ओळ भरली: आज 4, पहिल्या वर्षअखेर साडेतीन, दुसऱ्या वर्षअखेर वाढीव कोटीसह पुन्हा साडेतीन, आणि उत्पन्न तिसऱ्या वर्षापासून. एनपीव्ही उणे 14 लाख!

एवढी घसरण कुठून आली ते सुटं करून पाहिलं. वाढलेला कोटी दोन वर्षांनी जाणार, म्हणून आजच्या भावानं तो 80 लाखांचा. उत्पन्नाचे पंधराही हप्ते वर्षभर मागे गेले, त्याचे 117 लाख. अडीच कोटी उशिरा द्यायचे, तेवढे 24 लाख वाचले. म्हणजे ज्याच्यावर सगळे ओरडत होते त्या खर्चवाढीपेक्षा मुकाट्यानं गेलेलं वर्ष महाग पडलं. कर्जाचं व्याजही यात धरा, असा एकाचा आग्रह होता. मी धरलं नाही. 12 टक्क्यांत ते आलेलंच आहे, तोच पैसा दोनदा कापला गेला असता.

काकांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून पट्ट्याची तारीख विचारली. तिथंच मी गप्प झालो. आमची पंधरा वर्षं स्टोरेज सुरू झाल्यापासून नव्हे, ठरल्या तारखेपासून मोजली जाणार होती. म्हणजे शेवटचा हप्ताही गेला. तो इतका लांबचा की आजच्या भावानं 26 लाखच भरतो, पण उणे 14 चे उणे 40 झाले.

जागामालकाला मुदतवाढीचा अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळीच दिला.