फार्माचे तक्ते: डाययुरेटिक्सचा तक्ता तिसऱ्यांदा पाडला

ऑटोनॉमिकचे तक्ते दोन आठवड्यांत उरकले होते, त्यामुळे डाययुरेटिक्स एका रविवारी होतील असं वाटलं. झाले नाहीत.

चूक साधी होती. लेक्चरच्या वहीत 'दुष्परिणाम: पोटॅशियम कमी होणे' हे सगळ्या गटाच्या डोक्यावर एकदाच लिहिलेलं. मी शीटमध्ये तो रकाना सगळ्या ओळींसाठी मर्ज केला आणि फ्युरोसेमाइडसोबत स्पायरोनोलॅक्टोनही त्यात गेलं. लक्षात आलं ते उपयोगांच्या रकान्यामुळे. तिथे मीच लिहिलं होतं, 'पोटॅशियम टिकवण्यासाठी जोडीला देतात.' एकाच ओळीत दोन उलट गोष्टी! तेव्हापासून मर्ज सेल बंद.

आता ओळी नेफ्रॉनच्या क्रमाने लावल्यात. फ्युरोसेमाइड हेन्लेच्या लूपच्या जाड चढत्या भागात सोडियम अडवतं, थायझाइड त्यापुढे डिस्टल ट्यूब्यूलमध्ये. अडवलेलं सोडियम पुढे कलेक्टिंग डक्टकडे वाहत जातं, तिथे त्यातलं काही आत ओढलं जातं आणि बदल्यात पोटॅशियम लघवीत जातं. स्पायरोनोलॅक्टोन तिथेच अल्डोस्टेरॉनला अडवतं, म्हणून पोटॅशियम आत राहतं. हे एकदा लिहिलं की पोटॅशियमचा बाण पाठ करावा लागत नाही.

इंटरॅक्शन्सचा रकानाही याच बाणावरून भरला. पोटॅशियम खाली गेलं की डिगॉक्सिनला सोडियम-पोटॅशियम पंपावर मोकळी जागा मिळते, विषबाधेचा धोका वाढतो. बाण वर असेल तर एनालाप्रिलसारखं औषध सोबत आल्यावर पोटॅशियम आणखी चढतं. कोट्रायमोक्सॅझोलही इथेच लिहिलं, कारण त्यातलं ट्रायमेथोप्रिम अमिलोराइडसारखं सोडियमचं तेच चॅनल बंद करतं. वहीत ते फक्त अँटिबायोटिक्सच्या पानावर होतं, डाययुरेटिक्सशी त्याचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता.

कॅल्शियमला मात्र वेगळा रकाना दिला. फ्युरोसेमाइड ते लघवीत सोडतं, थायझाइड धरून ठेवतं. म्हणून वारंवार कॅल्शियमचे खडे होणाऱ्याला थायझाइड चालतं, आणि रक्तात कॅल्शियम आधीच जास्त असेल तर तेच नको. एकच वाक्य उपयोगातही जातं आणि दुष्परिणामातही. दोन्हीकडे लिहिलंय, पुनरुक्ती खपवून घेतली.

बाणात न बसणाऱ्या गोष्टी पिवळ्या केल्यात. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांत स्तन वाढतात ते अँड्रोजेन रिसेप्टरमुळे, किडनीचा त्यात हात नाही. फ्युरोसेमाइडसोबत जेंटामायसिन दिलं तर कानाला धोका, तेही पिवळंच. लिथियम कुठे टाकायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी थायझाइडच्या ओळीत बसवलं: सोडियम घटलं की किडनी प्रॉक्सिमल ट्यूब्यूलमध्ये जास्त सोडियम परत ओढते आणि त्याच ओढीत लिथियमही रक्तात परततं.

ॲसेटाझोलामाइडची ओळ अजून कोरी आहे. पुढचा रविवार तिचा.