छंद अपडेट: डोंगरावरच्या नव्या रिसॉर्टचा एजंट लोकांसाठीचा ग्रुप रेटचा मेल

मराठीत धंद्याचे मेल लिहायचा आपला छंद चालूच आहे, यावेळी हातात आलंय ते एकदम भारी काम. मामेभावाने आणि त्याच्या पार्टनरने साताऱ्यातनं सज्जनगड-ठोसेघरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला नवीन रिसॉर्ट काढलंय, 20 खोल्या, त्यातल्या 12 चार जणांच्या आणि 8 दोघांच्या. म्हणजे फुल्ल भरलं तर 64 माणसं. आता त्याला पुणे, सांगली, कोल्हापूरच्या ट्रॅव्हल एजंटना ग्रुप रेट कळवायचेत आणि तो मेल मराठीतच पाहिजे, कारण ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, गणपती मंडळं यांच्या ट्रिपा काढणारे बरेच एजंट मराठीतच बोलतात आणि मराठीतच व्हॉट्सॲपवर पुढं ढकलतात.

पहिला ड्राफ्ट पार्टनरने दिलेला, त्यात निसर्गाच्या कुशीत, मन प्रसन्न, धुक्याची दुलई वगैरे. ते पर्यटकाला ठीक आहे पण एजंट त्यातलं काही वाचत नाही, त्याने धुकं आपल्यापेक्षा जास्त बघितलेलं असतं. त्याला बघायचं असतं की रेट नेट आहे का कमिशनवाला, त्यात जेवण किती वेळा, टॅक्स आत का बाहेर, आणि बस दारात येते का खाली थांबते. म्हणून मी विषयाच्या ओळीतच सगळं आणलं: "साताऱ्याजवळ ठोसेघर रोड, ग्रुप 64 पर्यंत, 3 जेवणांसह माणशी 1500 पासून नेट". मोबाईलवर विषय अर्धाच दिसतो, म्हणून गाव आणि ग्रुपची साईज पुढं, रिसॉर्टचं नाव मागं. नवं नाव असल्याने ते वाचून कुणी मेल उघडणार नाही, ठोसेघर वाचून उघडेल.

नेट म्हणजे रिसॉर्टला मिळणारी रक्कम, वर एजंट स्वतःचं काय लावायचं ते लावतो. कमिशन पद्धतीत गिऱ्हाईकाचा छापील रेट आणि त्यातनं एजंटचे टक्के. दोन्ही एकाच मेलमध्ये दिले की एजंटला वाटतं नेटवर पण टक्के मिळणार, आणि बिलाच्या वेळी खेचाखेची. ग्रुपला नेटच ठेवा असं मी भावाला सांगितलं, त्याला पटलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका ओळीवर: "15 वर 1 मोफत". ही ओळ सगळे लिहितात, सगळ्यांना कळते असंही वाटतं, पण 30 जणांचा ग्रुप घेऊन बघा. एक एजंट म्हणेल दर 15 मागे 1 फ्री, म्हणजे 2 फ्री, 28 चे पैसे. रिसॉर्टवाला म्हणेल 15 जणांचे पैसे आल्यावर 16वा फ्री, म्हणजे 30 मध्ये 1 च फ्री, 29 चे पैसे. फरक एका माणसाचा, 1500 अधिक टॅक्स. रक्कम मोठी नाही पण हे भांडण होतं चेकआऊटला, बस सुरू करून ठेवलेली असते, आणि तो एजंट परत येत नाही. दुसरं म्हणजे फ्री माणूस झोपणार कुठं? एजंटच्या डोक्यात टूर मॅनेजरला वेगळी खोली, रिसॉर्टच्या डोक्यात शेअरिंगमधली एक खाट. आणि ड्रायव्हर-क्लीनर तर कुणीच धरलेले नसतात, ते रात्री गाडीतच झोपतात, आणि खरं सांगायचं तर सकाळी घाट उतरवणारा माणूस नीट झोपलेला पाहिजे यावर मी अडून बसलो, त्यांची सोय मेलमध्ये लिहायला लावलीच.

टॅक्सचं पण बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 पर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे, आधी 12 होता. जुन्या रेटकार्डावरनं कॉपी मारली की 12 तसाच येतो. इथं चौघांच्या खोलीचे 6000 होतात म्हणजे आतच, आणि मी "टॅक्स वेगळा" एवढंच न लिहिता आकडाच टाकला.

आता मेलचा मधला भाग असा झालाय:

"नमस्कार,
सातारा शहरातून ठोसेघरकडे जाताना आमचं नवीन रिसॉर्ट सुरू झालं आहे. तुमच्या ग्रुपसाठी नेट रेट असे: चार जणांच्या खोलीत माणशी 1500, दोघांच्या खोलीत माणशी 1900. यात सकाळचा नाष्टा, दुपारचं आणि रात्रीचं जेवण, दोन वेळचा चहा. जीएसटी 5% वेगळा.
15 जणांचे पैसे भरले की 16वा मोफत, 32 जणांत 2 मोफत. मोफत व्यक्तीची सोय ग्रुपसोबत शेअरिंगमध्ये. ड्रायव्हर आणि क्लीनर यांचं जेवण व झोपायची जागा आमच्याकडून.
उदाहरण: 32 जण, चौघांच्या 8 खोल्या. 30 × 1500 = 45,000, जीएसटी 2,250, एकूण 47,250.
कास पठाराचं प्रवेश शुल्क व बुकिंग यात नाही, ते तुम्ही आधी करून घ्यावं."

उदाहरण टाकल्यावर सांगलीच्या एका ओळखीच्या एजंट काकांना दाखवलं, ते म्हणाले, "बाळा, हे बरं केलंस, आता मला कॅल्क्युलेटर काढायला नको, पण बायका-पुरुष वेगळे केले की तुझ्या 8 खोल्यांचं गणित बसत नाही." अगदी बरोबर. 19 बायका आणि 13 पुरुष असले तर चौघांच्या हिशोबाने 5 आणि 4 अशा 9 खोल्या लागतात, दोन्हीकडे काही खाटा रिकाम्या. त्या रिकाम्या खाटांचे पैसे घ्यायचे का? भावाने ठरवलं की 12 मधली खोली शिल्लक असेल तर माणशी रेटच राहील, शनिवार-रविवार सोडून. ही ओळ आता मेलमध्ये आहे.

कासबद्दल पण थोडं. पार्टनरला "फुलांचा गालिचा बघा" असं हवं होतं. मी नाही म्हणालो. बहर साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो पण पाऊस कसा झाला त्यावर मागंपुढं होतो, आणि एजंटने ते वाक्य तसंच गिऱ्हाईकाला पाठवलं आणि फुलं नसली तर शिव्या एजंट खातो. ठोसेघरचा धबधबा पण पावसाळ्यातच खरा, एप्रिलच्या ग्रुपला तो सांगायचा नाही. उन्हाळ्याच्या मेलमध्ये सज्जनगड आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पुढं घेतल्यात.

सोबत एक वेगळा फोटो-पानांचा पीडीएफ आहे, त्यावर रेट नाही आणि रिसॉर्टचा फोन नंबर पण नाही. एजंट तो आपल्या नावाने गिऱ्हाईकाला पाठवू शकतो, गिऱ्हाईक थेट आपल्याला फोन करेल ही भीती त्याला राहत नाही. नेट रेट मात्र फक्त मेलच्या अंगात, कारण पीडीएफ फिरत फिरत कुठं जाईल सांगता येत नाही.

अजून राहिलंय ते बसचं. 17 सीटरला अडचण नाही, पण मोठी बस गेटच्या वळणावर वळते का हे भाऊ स्वतः एक बस नेऊन बघणार आहे, तोवर ती ओळ मी रिकामी ठेवलीय आणि मेल पाठवलेला नाही. शाळांच्या सहलीवाल्यांना मोठी बसच लागते, म्हणून त्यांचा मेल वेगळा करतोय, त्यात शिक्षकांची संख्या आणि मुलामुलींच्या खोल्या वेगवेगळ्या मजल्यावर हे आधी येईल. कुणी तसा मेल लिहिला असेल तर शिक्षकांचं फ्रीचं प्रमाण काय धरता ते सांगा.