सरांचा परिचय : तुम्ही विचारलंत म्हणून

"सरांचा परिचय तुमच्याकडे तयारच असतो ना? मग दर कार्यक्रमाआधी पुन्हा काय लिहीत बसता?"

असतो, पण सरांच्या भाषणाआधी मी मंचावरून तो जसाच्या तसा वाचायचा नसतो. मूळ मजकूर दोनेकशे शब्दांचा आहे. त्यातले शंभरेक माइकवर जातात, म्हणजे जेमतेम मिनिटभर. नाव, सध्याचं काम आणि विषय कायम राहतात, बाकीचं समोर कोण बसलंय ते पाहून.

पूर्वी मीही म्हणायचो, एकदा नीट लिहिलं की झालं. एका कॉलेजातल्या कार्यक्रमानंतर ते बोलणं बंद झालं. सूत्रसंचालक त्यांचा होता, म्हणून मूळ परिचय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि वर लिहिलं, 'यातलं निवडून घ्या.' त्याने अथपासून इतिपर्यंत वाचला. त्यात 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांची नावंही होती : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉवर बोलताना सर नेहमी पोरांना विचारतात, "चार पुतळ्यांवरून रोज जाता, चौघांची नावं सांगा." सभागृह गप्प होतं. त्या शांततेतूनच त्यांचं भाषण उभं राहतं. त्या दिवशी विचारायला काही उरलंच नव्हतं. सरांनी हातातली चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि थेट मे 1930 पासून सुरुवात केली. पोरं ऐकत होती, पण भाषण शेवटपर्यंत रंगलं नाही. रिक्षात सर एवढंच म्हणाले, "माझी सुरुवात आधीच होऊन गेली होती."

तेव्हापासून मूळ परिचयाखाली एक वेगळा भाग आहे, 'सर स्वतः सांगतील'. तो भाग बाहेर कुणालाच पाठवत नाही. शिवाय आदल्या दिवशी फोन करून विचारतो, "सर, उद्या सुरुवात कशाने?" त्यांनी जे सांगितलं, ते परिचयातून काढतो.

उरलेलं काम निवडीचं. पूर्व भागात यंत्रमाग कामगारांपुढे पहिलंच वाक्य असतं, 'सरांचे वडील गिरणीत होते.' पीएच.डी. तिथे गाळतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुढे वडील गाळतो आणि सरांनी खटल्याचे कागद, जुनी वर्तमानपत्रं कशी धुंडाळली ते सांगतो, कारण त्या पोरांना पुढे तेच करायचंय. पुरस्कार गाळले की आयोजक नाराज होतात. होऊ देत. यादी सुरू झाली की मागच्या रांगेत मोबाइल निघतात, हे मला मंचावरून दिसतं.

पण एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. मध्यंतरी सर म्हणाले, "वडिलांचं दर वेळी नको रे." मी म्हटलं, त्या वाक्यानेच माणसं पुढे सरकून बसतात. ते खरंच आहे. पण त्यांच्या वडिलांच्या कष्टांवर मी टाळ्या मिळवायच्या का? पुढचा कार्यक्रम पुन्हा पूर्व भागातच आहे, आणि ते वाक्य मी अजून खोडलेलं नाही.