मत इथलं, माणूस तिथला

"मॅडम, मुलगा परदेशात आहे. त्याला तिथून इथे मत देता येतं का? आणि तिथल्या राजकारणात आपल्या पोरांना कोण विचारतं?"

मी शिक्षिका आहे आणि आमच्या भागाची बीएलओ. मतदारयादी हातात घेऊन घरोघरी फिरताना, विशेषतः जुळे सोलापूर आणि होटगी रोडच्या बाजूला, हे मला फार वेळा विचारलं जातं. त्यामुळे एकदा नीट लिहून ठेवते.

मुलाला मताचा हक्क आहे, पण ते मत तिथून देता येत नाही. 2011 पासून परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला 'अनिवासी भारतीय मतदार' म्हणून नाव नोंदवता येतं. अट एकच आणि मोठी आहे: मतदानाच्या दिवशी त्याने स्वतः इथल्या केंद्रावर मूळ पासपोर्ट घेऊन उभं राहायचं. टपालाने नाही, दूतावासात नाही, आईवडिलांच्या हस्तेही नाही.

यात लोक कुठे अडकतात ते एका उदाहरणाने सांगते. समजा मुलगा ब्रिटनमध्ये लेस्टरला शिकायला गेला आहे. आईवडील होटगी रोडला फ्लॅटमध्ये राहतात, पण पासपोर्ट काढला तेव्हा घर वळसंगला होतं. त्याने नमुना 6अ भरायचा, तो ऑनलाइन भरता येतो. सोबत पासपोर्टच्या फोटोच्या, पत्त्याच्या आणि व्हिसाच्या पानांच्या स्वतः सही केलेल्या प्रती जोडायच्या. नाव लागेल ते पासपोर्टवर जो भारतातला पत्ता छापलाय तिथे, म्हणजे वळसंगच्या यादीत, शेवटच्या वेगळ्या भागात. आईवडील कुठे राहतात याला इथे अर्थ नाही. त्याला मतदार ओळखपत्र मिळत नाही, पासपोर्टच त्याची ओळख.

घरचे बहुतेक वेळा याच्या उलट करतात. मुलाचं नाव साध्या यादीत तसंच ठेवतात. "असू द्या मॅडम, येतो की दिवाळीला." पण साधी यादी इथे नेहमी राहणाऱ्यांची असते. परदेशी वास्तव्याला गेलेल्याचं नाव पडताळणीत कधीतरी वगळलं जातं आणि मग तो खरोखर मतदानाला येतो तेव्हा नाव सापडत नाही. एकाच माणसाची दोन नावं ठेवणं तर गुन्हाच आहे. कायमचा परत आला की त्याने कळवायचं आणि साध्या मतदारासारखा नमुना 6 भरायचा.

हा हक्क किती वापरला जातो? 2024 च्या लोकसभेला देशभरात असे सुमारे 1 लाख 19 हजार मतदार नोंदलेले होते. मत द्यायला आले जेमतेम 3 हजार, आणि त्यांतले बहुतेक केरळचे. 2019 ला साडेपंचवीस हजार आले, तेव्हाही जवळजवळ सगळे केरळचेच. आखातातल्या मल्याळी संघटना मतदानासाठी खास विमानं ठरवतात, माणसं आणतात, मत देऊन परत नेतात. त्या दोन आकड्यांत मला केरळची संघटनशक्ती दिसते तसा आपल्या कायद्याचा अन्यायही दिसतो. ज्याला विमानाचं तिकीट परवडतं आणि मालक रजा देतो, त्याचंच मत मोजलं जातं. आखातात बांधकामावर गेलेल्या आपल्या पोराचं मत कागदावरच राहतं.

आता दुसरा प्रश्न. तिथे त्याला कोण विचारतं, हे देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना, तिथे राहण्याचा वैध परवाना असेल तर, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही, विद्यार्थ्याचा व्हिसाही चालतो. आपल्या लेस्टरच्या मुलाचंच 2024 बघा. सोलापूरला मतदान होतं 7 मे रोजी. तो आला नाही, मत गेलं. 4 जुलैला ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक होती. मुदतीत, म्हणजे 18 जूनपर्यंत, नाव नोंदवलं असेल तर तो केंद्रावर गेला आणि ओळखीचा पुरावा म्हणून भारतीय पासपोर्टच दाखवून मत देऊन आला. त्या निवडणुकीत हुजूर पक्षाचा देशभर धुव्वा उडाला, पण लेस्टर ईस्ट ही आधी मजूर पक्षाने जिंकलेली जागा शिवानी राजा यांनी हुजूर पक्षासाठी जिंकली. भारतीय वंशाच्या मतदारांची मोठी वस्ती असलेला तो मतदारसंघ आहे. अशा जागी उमेदवार दिवाळीला येतात, भारताशी संबंध कसे असावेत यावर उत्तरं देतात, आणि दिल्लीलाही त्या जागेकडे लक्ष द्यावं लागतं.

अमेरिकेत मात्र सांभाळून. एच-वन-बी व्हिसावर नोकरीला गेलेल्याला तिथल्या निवडणुकीत ना मत देता येतं, ना उमेदवाराला देणगी. ग्रीनकार्ड असेल तर देणगी चालते, मत नाही. चुकून मत दिलं तर देशाबाहेर काढलं जाण्यापर्यंत पाळी येऊ शकते, म्हणून मुलांना हे जरूर सांगा. आखातात तर नागरिकत्वाची वाटच जवळपास बंद आहे. तिथला माणूस सगळं राजकारण घराकडचंच करतो.

आणि घराकडचं राजकारण मतपेटीतून फारसं होत नाहीच. ते फोनवरून होतं. जो महिन्याला पैसे पाठवतो, त्याच्या शब्दाला घरात वजन असतं. त्याने रविवारी आईशी बोलताना अमक्याला मत दे म्हटलं की घरातली चार मतं हलतात, हे मी घरोघरी ऐकते. पक्षांना हे आपल्याआधी कळलं. भाजपची परदेशात 'ओव्हरसीज फ्रेंड्स' आहे, काँग्रेसची 'इंडियन ओव्हरसीज काँग्रेस' आहे. तिथले स्वयंसेवक इथल्या मतदारांना फोन करतात, सभा भरवतात. अमेरिकेत भाजपच्या या संघटनेला 2020 मध्ये परदेशी संस्थेची प्रतिनिधी म्हणून रीतसर नोंदणी करावी लागली. मला हे योग्यच वाटतं. कोण कोणासाठी काम करतं ते उघड असावं.

पैशाची रेषा पासपोर्टवर ओढलेली आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर परदेशातली स्वतःची कमाई इथल्या पक्षाला देता येते. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच दिवशी भारतीय नागरिकत्व संपतं. मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी मत जातं, आणि पक्षाला दिलेला पैसा परदेशी ठरून बेकायदा होतो. फोन मात्र चालूच राहतो. त्याला कोणता कायदा अडवणार?

म्हणून मला वाटतं, पासपोर्ट भारतीय असेपर्यंत तरी मत खरोखर देता यावं. ऑगस्ट 2018 मध्ये लोकसभेने प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक मंजूर केलं होतं. ते राज्यसभेत अडकलं आणि 2019 मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं. मला त्याचं फार दुःख नाही. दुसऱ्याच्या हाती दिलेलं मत गुप्त राहत नाही, आणि आमच्याकडे ते कोणाच्या हाती जाईल हे मी चांगलं जाणते. त्यापेक्षा आयोगाने 2020 मध्ये सुचवलेली वाट बरी: सैनिकांसारखी मतपत्रिका ऑनलाइन पाठवायची, त्याने ती छापून खूण करून, सोबतच्या घोषणापत्रावर दूतावासाच्या अधिकाऱ्याचा सही-शिक्का घेऊन परत करायची. यातही अडचण आहे. एका खोलीत आठजण राहणाऱ्या कामगाराला गुप्तता कुठली, आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात असेल तर तो दूतावासाचा सही-शिक्का कुठून आणणार? पण ही अडचण दूतावासाने वेळ देऊन सोडवता येण्यासारखी आहे. तिकिटाची अडचण तशी नाही.

तोवर एवढं करा. मुलगा पुढच्या वेळी पासपोर्टचं नूतनीकरण करेल तेव्हा तुमचा आताचा पत्ता त्यावर घालून घ्या. तो निवडणुकीला आलाच, तर वळसंगला जावं लागणार नाही.